तंत्र-गप्पा : आत्याने कुठल्या चौकोनावर बोट ठेवलं?

परवा आत्याकडे गेलो होतो. ती मोबाइलवर कीर्तन ऐकत बसली होती. मध्येच यूट्यूबने विचारलं, "यांपैकी कोणत्या ब्रँडची जाहिरात तुम्ही अलीकडे पाहिल्याचं आठवतं?" खाली चहाची चार नावं आणि 'यांपैकी एकही नाही'. आत्याने क्षणभर विचार करून एका नावावर बोट ठेवलं.

"पाहिलीस का गं खरंच?" मी विचारलं.

"पाहिली असेल की! चहाच्या जाहिराती काय, सारख्याच चालू असतात."

आत्याच्या या 'असेल की'भोवतीच जाहिरात मोजण्याचं शास्त्र फिरतं. ज्या जाहिरातीतून लगेच खरेदी अपेक्षित नसते, फक्त नाव लक्षात राहावं एवढाच हेतू असतो, तिचा उपयोग झाला की नाही हे विक्रीच्या आकड्यांवरून कळत नाही. म्हणून लोकांना विचारावं लागतं. आणि लोक आत्यासारखंच उत्तर देतात. ज्यांना जाहिरात कधी दाखवलीच नाही, त्यांच्यातलेही बरेच जण 'हो, पाहिली' म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. ओळखीचं नाव दिसलं की पाहिल्यासारखं वाटतं. शिवाय जो आधीपासून तोच चहा पितो, त्याचं लक्ष त्या जाहिरातीकडे जास्त जातं. त्यामुळे 'आठवतं म्हणणारे लोक हा चहा जास्त घेतात' या वाक्यातून जाहिरातीचं यश सिद्ध होत नाही.

यावर उपाय म्हणजे ब्रँड लिफ्ट स्टडी. संगणक नाणेफेक करावी तसे प्रेक्षकांचे दोन गट करतो. जाहिरात दाखवण्याची वेळ आली की तो गट तपासतो. पहिल्या गटातल्या माणसाला चहाची जाहिरात दिसते. दुसऱ्या गटातल्याच्या बाबतीत ती ऐनवेळी अडवली जाते आणि रांगेतली पुढची, समजा साबणाची, दाखवली जाते. 'ऐनवेळी' हे महत्त्वाचं. ज्याने त्या आठवड्यात यूट्यूब उघडलंच नाही, त्याच्याशी तुलना करण्यात अर्थ नसतो. नंतर दोन्ही गटांतल्या काही जणांना तोच एक प्रश्न विचारतात. 'असेल की' म्हणणारे दोन्हीकडे सारखेच असणार, म्हणून वजाबाकीत ते निघून जातात.

एक उदाहरण घेऊ, आकडे माझे. दोन्ही गटांत 2000 जणांनी उत्तर दिलं. जाहिरात दाखवलेल्यांपैकी 33 टक्के 'आठवतं' म्हणाले, न दाखवलेल्यांपैकी 30 टक्के. म्हणजे जाहिरातीची कमाई 33 नव्हे, फक्त 3. अहवालात मात्र हेच '10 टक्के वाढ' असं छापून येऊ शकतं, कारण 30 वर 3 म्हणजे दहा टक्के. चूक काहीच नाही, पण वाचणारा फसतो.

पुढची गंमत खर्चात आहे. समजा जाहिरात 10 लाख लोकांपर्यंत गेली आणि 6 लाख रुपये लागले. तीन टक्के म्हणजे 30 हजार लोकांच्या लक्षात राहिली, माणशी 20 रुपये. ठीक वाटतं. पण 2000 जणांच्या नमुन्यावर या फरकात साधारण 2.9 इकडेतिकडे होऊ शकतं. खरा फरक 0.1 असेल किंवा 5.9 असेल. मग लक्षात ठेवणारे 1 हजार की 59 हजार? माणशी खर्च 600 रुपये की 10? अहवालात 20 छापलेलं असतं आणि बैठकीत त्याच आकड्यावर पुढच्या वर्षीचं बजेट ठरतं. उत्तरं 500-500 च असती तर ही अनिश्चितता दुप्पट झाली असती, आणि 3 चा फरक दिसूनही काहीच सिद्ध झालं नसतं. म्हणून असा अहवाल हाती आला तर मी आधी उत्तरं देणाऱ्यांची संख्या शोधतो, टक्केवारी मागाहून.

मोठा नमुना घेतला तरी काही गोष्टी सुटतातच. यूट्यूबने जाहिरात अडवली, पण तीच टीव्हीवर आणि चौकातल्या होर्डिंगवर आहे. मग न दाखवलेला गटही ती पाहतोच आणि फरक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. घरात एक फोन तिघे वापरत असतील तर जाहिरात नातवाने पाहिलेली असते आणि उत्तर आजी देते. आणि प्रश्न लवकर जावा म्हणून कुठेही बोट ठेवणारे आहेतच. ते दोन्ही गटांत असतात, त्यामुळे कल कुणाच्या बाजूने झुकत नाही, पण खरा फरक पुसट होतो.

आत्याला मी हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग मी कुठल्या गटात होते?" ते फोन बघून कळत नाही. तिने ज्या नावावर बोट ठेवलं, तो चहा आमच्याकडे तीस वर्षं येतो. जाहिरात त्याचीच होती, की उरलेल्या तिघांपैकी कुणाची, तेही प्रश्नावर लिहिलेलं नव्हतं.