बाटल्या चार, ॲसिड तेच

चेहरा लाल, पाणी लागलं तरी आग. रील पाहून रोज दहा पायऱ्या करणारी ही तरुणी. बाटल्या आणायला लावल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचली. फेसवॉश, टोनर, सीरम, तिन्हींत सॅलिसिलिक ॲसिड. रात्रीच्या पीलिंगमध्येही तेच, वर ग्लायकोलिक. ही निगा नव्हे, रोजची सोलणी आहे! पायऱ्या वाढल्या की विकणाऱ्याचा गल्ला भरतो, त्वचेचं मात्र संरक्षक आवरण जातं.

सगळं बंद केलं. फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. आग पूर्ण थांबली की मुरुमांसाठी 2 टक्के सॅलिसिलिकचं सीरम, एक दिवसाआड. सीरमच का? फेसवॉशमधलं धुऊन जातं, सीरम त्वचेवर राहतं.

“एवढंच, डॉक्टर?”

एवढंच.