शेवटचा शब्द म्हणजे आडनाव नव्हे

माळशिरसच्या एखाद्या पोराचं नाव समजा समीर दस्तगीर मुलाणी. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं: मुलाणी समीर दस्तगीर. ऑनलाइन फॉर्मवर चौकटी दोनच, `First Name` आणि `Last Name`. भरणारा प्रमाणपत्र समोर ठेवून डावीकडून उतरवतो. पहिल्या चौकटीत मुलाणी, दुसरीत दस्तगीर. बाप आडनाव झाला आणि ऑफिसातल्या प्रत्येक मेलमध्ये समीरला हाक पडते, ‘हाय मुलाणी’. शेख असेल तर एका टीममध्ये तीन-तीन ‘हाय शेख’.

पुढे दुसरा फॉर्म भरताना तो वडिलांचं नाव गाळतो. मग नोकरी बदलताना कागद तपासणारे विचारतात, पदवीवरचा आणि पगारपत्रकावरचा माणूस एकच कशावरून?

दोष पोरांचा नाही, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे. नाव मोकळ्या जागेवर तोडायचं, शेवटचा शब्द आडनाव समजायचं, असा कोड मीही लिहिलाय. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नावही आणलंय. म्हणजे शब्द चार, चौकटी दोनच. खरं तर आधारसारखी पूर्ण नावाची एकच चौकट पुरे, आणि हाक काय मारायची ते वेगळं विचारावं.

तोवर पासपोर्टची रीत सगळीकडे धरा, विमानाच्या तिकिटावरही:

```
Given Name: SAMEER DASTGIR
Surname: MULANI
```