मिरीचा हिशेब आणि दोन बाजू

बेंगळुरूमध्ये १९८६ साली श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचा मुलगा भरत यांनी हिशेबाचं एक सॉफ्टवेअर सुरू केलं. आज आपण त्याला ‘टॅली’ म्हणून ओळखतो. तुमच्या घरात कुणी अकाउंटंट असेल, तर विचारून बघा. जमा आणि नावे या दोन्ही बाजूंची रक्कम सारखी झाल्याशिवाय टॅली नोंद स्वीकारतच नाही. हा नियम मात्र कॉम्प्युटरचा नाही, तो सुमारे सातशे वर्षं जुना आहे.

इटलीतल्या जेनोआ शहराच्या सरकारी खजिनदारांची १३४० सालची वही आजही जपलेली आहे. तिच्यात मिरीचं एक खातं आहे. त्या काळी युरोपात येणारी मिरी मुख्यतः आपल्या मलबार किनाऱ्यावरची असे. या खात्यात डाव्या बाजूला खरेदी आणि त्यावरचा खर्च आहे, तर उजव्या बाजूला विक्री. मिरी तोट्यात विकली गेली, म्हणून शेवटी तोट्याची रक्कम दुसऱ्या खात्यात नेऊन हे खातं बंद केलं आहे. म्हणजे माणसांसारखंच मिरीचंही खातं, आणि प्रत्येक रक्कम दोन ठिकाणी.

याची गरज का पडली? पूर्वी व्यापारी स्वतः मालाबरोबर प्रवास करायचा, त्यामुळे थैलीतले पैसे मोजले की नफा कळायचा. पुढे तो घरी बसून दूरच्या शहरांतल्या भागीदारांकडून आणि आडत्यांकडून व्यापार करू लागला. बराचसा व्यवहार उधारीवर चालू लागला. मग नुसती थैली मोजून काहीच कळेना.

एक छोटं उदाहरण घेऊ. समजा, एका ताईंनी दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय सुरू केला आणि त्यात स्वतःचे १०,००० रुपये घातले. ४,५०० रुपयांचं सामान किराणा दुकानातून उधारीवर आणलं. ते सगळं वापरून केलेला फराळ ६,३०० रुपयांना रोखीने विकला. नंतर दुकानदाराला २,००० रुपये दिले.

आता गल्ल्यात १४,३०० रुपये आहेत. १०,००० चे १४,३०० झाले, म्हणून ताईंना वाटेल की ४,३०० रुपये नफा झाला.

वही वेगळं सांगते. सामान उधार आणलं तेव्हा सामानाच्या खात्यात ४,५०० नावे पडले आणि दुकानदाराच्या खात्यात तेवढेच जमा झाले. पैसे दिले तेव्हा दुकानदाराच्या खात्यात २,००० नावे आणि रोखीच्या खात्यात २,००० जमा. शेवटी नावे बाजूला रोख १४,३०० आणि सामान ४,५०० मिळून १८,८०० होतात. जमा बाजूला भांडवल १०,०००, दुकानदाराचं देणं २,५०० आणि विक्री ६,३००, म्हणजे तेही १८,८००. ताळा जमला!

आता नफा दोन वाटांनी काढता येतो. विक्रीतून सामानाचा खर्च वजा करा: ६,३०० वजा ४,५००, म्हणजे १,८००. किंवा वाढलेल्या रोखीतून देणं वजा करा: ४,३०० वजा २,५००, म्हणजे पुन्हा १,८००. दोन वेगळ्या वाटा एकाच उत्तरावर येतात. ही पद्धत इतकी टिकली त्याचं मुख्य कारण हेच आहे. वही स्वतःच स्वतःला तपासते.

ताळा जमला नाही, तरी फरकाचा आकडा चूक कुठे आहे ते सुचवतो. एका बाजूला ४,५०० ऐवजी ५,४०० लिहिले, तर फरक ९०० येतो. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर शेजारचे आकडे उलटे पडले असण्याचा संशय घ्यावा. एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली, तर फरक बरोबर तिच्या दुप्पट येतो. म्हणून फरकाची निम्मी रक्कम वहीत शोधतात.

पण ताळा जमला म्हणजे सगळं बरोबर, असं नाही. ताई एखादी उधारी लिहायलाच विसरल्या, तर दोन्ही बाजूंतून तेवढीच रक्कम गळते आणि ताळा तरीही जमतो. घरचा किराणा व्यवसायाच्या खात्यात टाकला, तरीही जमतो. खोटं बिल दोन्ही बाजूंना नीट लिहिलं, तरी वही काही बोलत नाही. म्हणून पावत्या जपून ठेवणं, माल मोजणं आणि बँकेचं पासबुक वहीशी पडताळून पाहणं हे वेगळं करावंच लागतं.

लुका पाचोली या इटालियन पाद्री-गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात ही पद्धत सविस्तर मांडली. त्याने ती शोधली नव्हती, व्हेनिसचे व्यापारी ती आधीच वापरत होते. पण छापील पुस्तकामुळे ती दूरवर पोहोचली. पुढे पिसाची टाकं गेली, टाइपरायटर आले आणि गेले, वहीची जागा स्क्रीनने घेतली. बेरजेचं काम यंत्राकडे गेलं, तरी पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे दोन्ही प्रश्न प्रत्येक नोंदीला आजही विचारावेच लागतात.