लिंक्डइनचा फोटो: प्रकाश सुधारा, चेहरा राहू द्या



लिंक्डइनच्या फोटोबद्दल माझं मत पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, पटलं तर पुढे वाचा. फोटोत जे प्रकाशानं बिघडवलंय ते बिनधास्त दुरुस्त करा. जे तुमच्या चेहऱ्यावर खरोखर आहे, त्याला हात लावू नका. रंग उजळायचा नाही, गाल बारीक करायचे नाहीत, पांढरे केस काळे करायचे नाहीत.

हे मी नीतिमत्ता शिकवायला सांगत नाहीये. साधा धंद्याचा हिशोब आहे. लिंक्डइनवर तुम्हाला जो माणूस शोधतो, तो नंतर तुम्हाला भेटणार असतो. इन्स्टाग्रामवर फोटो बघून लाइक करून पुढे गेला, विषय संपला. इथे तसं नाही. परचेस मॅनेजर प्रोफाइल बघतो, मग व्हिडिओ कॉल लावतो, मग म्हणतो की सॅम्पल घेऊन कंपनीत या. तिथे रिसेप्शनपाशी त्यानं तुम्हाला लांबूनच ओळखलं पाहिजे. फोटोतला माणूस आणि समोर उभा असलेला माणूस वेगळा दिसला की त्याच्या मनात एक बारीक शंका येते. फोटोत असं, तर कोटेशनमध्ये कसं? तो बोलून दाखवत नाही, पण व्यवहार नवीन असताना शंका यायला एवढं कारणसुद्धा पुरतं.

आता एक खरं उदाहरण घेऊ. आमच्या बॅचमध्ये सोलापूरचा एक तरुण होता, पुठ्ठ्याचे खोके बनवतो. त्याला कंपन्यांच्या परचेस खात्यातल्या लोकांपर्यंत पोचायचं होतं. प्रोफाइलला आधी त्यानं धंद्याचा लोगो लावला होता. मी म्हटलं, आधी तो काढ. लिंक्डइनच्या नियमाप्रमाणे वैयक्तिक प्रोफाइलच्या फोटोत तुम्ही स्वतः दिसायला हवं. लोगो, देवाचा फोटो, गुलाबाचं फूल चालत नाही, असा फोटो ते काढूनही टाकू शकतात. लोगोसाठी कंपनीचं वेगळं पेज करता येतं, तिथे लावा.

मग त्यानं मावसभावाच्या लग्नातला फोटो काढला. छान हसतोय, जॅकेट घातलंय, सगळं बरोबर. पण वीस जणांच्या ग्रुप फोटोतून कापलेला, आणि तोही फॅमिली ग्रुपवर आलेला. इथे जरा आकडे बघा. फोनचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. वीस जणांच्या ग्रुपमध्ये एकाचा चेहरा त्यातले जेमतेम १५० पिक्सेल रुंद. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवला की फोटोची लांब बाजू साधारण १६०० वर येते, म्हणजे चेहरा उरला ६० पिक्सेल. लिंक्डइनला फोटो कमीत कमी ४०० बाय ४०० लागतो. साठ पिक्सेलचा चेहरा ताणून तिथे बसवला की तो ओल्या कागदावर छापल्यासारखा दिसणारच. कुठलंही ॲप लावा, जी माहिती फोटोतून निघून गेली ती परत येत नाही. शिवाय त्याच्या उजव्या खांद्यावर मावशीची चार बोटं राहिली होती, ती वेगळीच!

तर नवीन फोटो काढायचा ठरलं. स्टुडिओत जायला माझी ना नाही, पण गेलात तर आधीच सांगा, 'गोरं करू नका'. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी न विचारताच करतात. पासपोर्टचा फोटो मात्र इथे नको. त्यात समोरून सपाट प्रकाश असतो आणि माणूस श्वास रोखून बसलेला असतो.

आम्ही त्याचा फोटो क्लासच्या खोलीतच काढला. माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, त्यामुळे प्रकाशाबद्दल मला जरा जास्तच बोलायची सवय आहे, ऐकून घ्या. पहिली गोष्ट म्हणजे खोलीतले सगळे दिवे बंद. ट्यूबचा प्रकाश निळसर पांढरा, वॉर्म बल्बचा पिवळा, खिडकीतून येणारा तिसराच. तिन्ही एकत्र पडले की अर्धा गाल पिवळा आणि अर्धा निळा येतो. कॅमेरा एका वेळी एकाच रंगाचा हिशोब जुळवू शकतो, त्यामुळे असा फोटो नंतर दुरुस्त करताना एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. म्हणून एकच प्रकाश ठेवायचा, खिडकीचा. ऊन थेट आत येत नसेल अशी खिडकी घ्या. खिडकीकडे पाठ नाही, तोंड करायचं, आणि मग थोडं तिरकं वळायचं. एक गाल किंचित जास्त उजळ आला की चेहऱ्याला उठाव येतो.

दुसरी गोष्ट अंतर. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. तो तुमच्या नाकाचा दोष नाही. कॅमेरा दीड-दोन फुटांवर असला की नाक त्याला कानापेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून मोठं येतं. पाच फूट मागे गेलात की तोच फरक नगण्य होतो. म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात द्या किंवा कपाटावर टेकवून टायमर लावा. कॅमेरा मागचा, उंची डोळ्यांच्या पातळीवर. आणि ब्युटी मोड बंद आहे ना ते बघा, काही फोनमध्ये तो आधीपासून चालूच असतो. पाच फुटांवरून चेहरा फार लहान येईल ही भीती नको. उभ्या धरलेल्या १२ मेगापिक्सेलच्या फोनवर एवढ्या अंतरावरून नुसतं डोकं-खांद्यांचं चौकोन कापलं तरी साधारण ७०० बाय ७०० पिक्सेल हातात राहतात. आपल्याला ४०० हवे होते.

एक गडबड आमच्याकडे झाली, ती तुमच्याकडेही होईल. मागे पांढरी भिंत होती. कॅमेऱ्यानं ती पांढरी बघून सगळा फोटो जरा अंधारा केला आणि पोराचा सावळा चेहरा काळवंडून आला. तो लगेच म्हणाला, "सर, म्हणून तर मी फिल्टर लावतो." बघा, इथेच लोक चुकीच्या दुकानात शिरतात. चेहरा काळा नव्हता, कॅमेऱ्यानं प्रकाश कमी घेतला होता. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवलं, बाजूला सूर्याचं चिन्ह आलं ते थोडं वर सरकवलं, आणि त्याचा जो खरा रंग आहे तो आला. भिंत जरा जास्त पांढरी झाली, होऊ दे. शर्ट मात्र पांढरा घालू नका, भिंतीत विरघळून जातो. त्यानं गडद निळा घातला होता. चष्मा असेल आणि काचेत खिडकी चमकत असेल तर हनुवटी थोडी खाली घ्या किंवा अजून थोडं वळा, चमक सरकते. ती नंतर एडिटिंगमध्ये काढायला गेलात तर डोळे खराब होतात.

चाळीसेक फोटो काढले, त्यातले दोन ठेवले. निवडताना फोटो मोठा करून बघू नका, लहान करून बघा. लोकांना तुमचा फोटो बहुतेक वेळा करंगळीच्या नखाएवढाच दिसतो, शोधताना यादीत किंवा मेसेजच्या बाजूला. त्या आकारात डोळे दिसतात का? माणूस ओळखू येतो का? त्याच्या दोनपैकी एका फोटोत मागे खोक्यांची थप्पी होती. मोठ्या आकारात मस्त वाटत होती, लहान केल्यावर डोक्याभोवती नुसता गोंधळ. माझ्या मते कारखाना, मशीन, दुकानाचा काउंटर हे सगळं वरच्या आडव्या कव्हर फोटोत टाकावं. त्याचं माप १५८४ बाय ३९६. फक्त डाव्या बाजूला तुमचा गोल फोटो त्यावर येतो, म्हणून बोर्ड किंवा नाव उजवीकडे ठेवा.

आता एडिटिंग. आधी कापणं. लिंक्डइन फोटो गोल दाखवतं, म्हणजे चौकोनाचा एक पंचमांशाहून जास्त भाग कोपऱ्यांतून जातो. चेहरा साधारण ६० टक्के जागा घेईल एवढा मोठा ठेवा, आणि फेटा, टोपी किंवा अंबाडा असेल तर वर जरा जास्त जागा सोडा. मग सावल्या थोड्या उजळ करा, रंग पिवळट किंवा निळसर वाटत असेल तर व्हाइट बॅलन्स नीट करा. तो बरोबर झाला की नाही हे चेहऱ्यावरून ठरवू नका, भिंतीवरून ठरवा: पांढरी भिंत पांढरी दिसली की थांबा. मागे वायर लोंबत असेल तर पुसा. काल उठलेली पुटकुळी पुसलीत तरी माझी हरकत नाही, ती आठवड्यात जाणारच आहे. जन्मखूण, व्रण, सुरकुत्या जाणार नाहीत, त्या राहू द्या. त्वचा गुळगुळीत करणारं बटण तर दाबूच नका, लहान आकारात चेहरा प्लास्टिकसारखा चपटा दिसतो.

मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड वापरलात तर कान, केसांची कड आणि चष्म्याची काडी झूम करून बघा. फोन तिथे हमखास चुकतो, अर्धा कान भिंतीबरोबर धूसर करून टाकतो. तसं दिसलं तर साधा फोटो घ्या. तयार झालेली फाइल लॅपटॉपवर न्यायची असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही, नाहीतर पुन्हा पिक्सेल गेले.

आणखी एक, फोटोभोवतीची ती हिरवी पट्टी. ती नोकरी शोधणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही ऑर्डर शोधताय, समोरच्याला वाटेल हा धंदा बंद करून नोकरीला लागतोय.

फोटो चढवल्यावर तो कोणाला दिसावा याची सेटिंग बघायला विसरू नका. ती फक्त कनेक्शनपुरती असेल तर ज्या नव्या गिऱ्हाइकासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच तुमच्या जागी राखाडी आकृती दिसते. आमच्या खोकेवाल्याचं नेमकं तेच झालं होतं. आम्ही सगळे त्याला जोडलेले, म्हणून आम्हाला फोटो दिसत होता. त्याच्याशी न जोडलेल्या एकाच्या फोनवर प्रोफाइल उघडलं तेव्हा कळलं. तुम्हीही तसंच तपासा, जो तुमच्या कनेक्शनमध्ये नाही अशा एखाद्याच्या फोनवर.