बालदी का टिकते, डबा का गंजतो?

कोकणातून एका भगिनींनी आम्हाला पत्र पाठवले आहे. त्यांच्या विहिरीवर जस्ताची बालदी आहे. कठड्यावर आपटून तिला पोचे पडले, ओरखडे उठले, तरी ती गंजलेली नाही. उलट तेलाचा रिकामा डबा त्यांनी तोंड कापून पाणी भरायला ठेवला, तर एका पावसाळ्यात त्याच्या कडा लाल झाल्या आणि बुडाला भोके पडली. दोन्ही पत्रे पांढरे चकचकीत, मग फरक कसला? आणि आता घरावर नवे पत्रे घालायचे आहेत, ते कोणते घ्यावेत? प्रश्न खर्चाचा आहे, म्हणून जरा मुळापासून पाहू.

बालदी आणि डबा दोन्ही आतून लोखंडच. बालदीवर जस्ताचा लेप आहे, डब्यावर कथलाचा. सारा फरक या लेपांच्या स्वभावात आहे. तो कळायला आधी लोखंड गंजते कसे ते पाहायला हवे.

ओल्या लोखंडावर एक छोटी विजेची बॅटरीच सुरू होते. एका जागी लोखंडाचे कण आपले इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात. म्हणजे लोखंड तिथे झिजते. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन लोखंडातूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना घेतो. पाण्यात उतरलेले लोखंड आणि या दुसऱ्या जागी तयार झालेला क्षार वाटेत भेटतात, त्यांना आणखी ऑक्सिजन मिळतो आणि तांबडा गंज तयार होतो. पाण्यात मीठ असले की त्यातून वीज सहज वाहते आणि बॅटरी जोरात चालते. खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज लवकर का जातात, ते यावरून लक्षात यावे.

इंग्लंडमध्ये केंब्रिजला युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात हे एका थेंबात दाखवले. स्वच्छ पोलादावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला, त्यात रंग बदलणारी रसायने घातली. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, मध्यावर पोचत नाही. आपल्याला वाटेल की जिथे हवा जास्त तिथे झीज जास्त. झाले उलटे. कडेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेत होता आणि लोखंड झिजत होते ते मध्यावर, हवा कमी होती तिथे. म्हणूनच ओल्या फरशीवर ठेवलेला डबा आधी बुडाखाली सडतो आणि छपराचे पत्रे एकमेकांवर चढतात त्या सांध्यात आधी गंजतात. वरून पत्रा धड दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये.

आता लेप. कथील असो वा जस्त, लेप अखंड आहे तोवर पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही. खरी परीक्षा ओरखडा पडल्यावर होते. तिथे दोन धातू एकाच थेंबाखाली येतात आणि ज्याला इलेक्ट्रॉन सोडण्याची घाई जास्त, तो झिजतो. ही घाई जस्ताला लोखंडाहून जास्त आहे आणि कथलाला लोखंडाहून कमी. त्यामुळे बालदीच्या ओरखड्यात आजूबाजूचे जस्त झिजते आणि आपले इलेक्ट्रॉन लोखंडाला पुरवते. लोखंडाला स्वतःचे सोडावे लागत नाहीत. डब्याच्या ओरखड्यात मात्र कथील मजेत बसते आणि उघडे पडलेले चिमूटभर लोखंड सगळा भार सोसते. उघड्यावर, ओलीत, अशा जागी लोखंड नुसत्यापेक्षाही लवकर भोकावते. (तांब्याच्या देगीला आपण कलई करतो, तेही कथीलच. पण तिथला हेतू अन्नाला तांबे लागू नये हा आहे. त्याची या डब्याशी गल्लत नको.)

मुलांना हे दाखवायचे असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून लेप नसलेले साधे तीन खिळे आणा. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला उघडी तांब्याची तार घट्ट गुंडाळा, तिसऱ्याला जस्ताच्या लेपाची जीआय तार. तिन्ही मिठाच्या पाण्याच्या वेगवेगळ्या पेल्यांत बुडवा. दोन-तीन दिवसांत साधा खिळा गंजेल, तांब्याचा त्याहून जास्त आणि जीआय तारेचा जवळजवळ स्वच्छ राहील. त्या तारेवर मात्र पांढरट पूड धरलेली दिसेल. ती जस्ताची झीज.

हीच खूण छपरावर कामी येते. पत्र्यावर पांढरी पूड म्हणजे जस्त संपत चालले आहे, तांबडे डाग म्हणजे संपले. नवे पत्रे ओले असताना एकावर एक रचून ठेवले तरी ही पांढरी पूड धरते आणि वापरण्याआधीच लेप खर्ची पडतो.

मग पत्रा किती टिकेल? लेपाचे वजन ग्रॅममध्ये सांगतात, एका चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून. 120 चा पत्रा म्हणजे एका बाजूला 60 ग्रॅम जस्त, जाडी सुमारे 8 मायक्रॉन. 275 चा असेल तर सुमारे 19 मायक्रॉन. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. समुद्रापासून दूर, स्वच्छ हवेत वर्षाला साधारण 1 मायक्रॉन जस्त जाते, कधी त्याहूनही कमी. खाऱ्या वाऱ्यात 2 ते 4 मायक्रॉन आणि लाटांचे तुषार पोचतात तिथे आणखी. वर्षाला 3 धरले, तर 120 चा लेप तिसऱ्या पावसाळ्याच्या आसपास संपेल, 275 चा सहा वर्षे निघेल. पत्र्याला भोक पडायला त्यानंतरही वेळ लागतो, पण पुढे राखण करायला कोणी उरत नाही. दुकानदार पत्र्याची जाडी सांगतो, लेपाचे सांगत नाही. आमच्या मते किनाऱ्यावरच्या माणसाने जाडीआधी लेप विचारावा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्यावा. अॅल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्र लेपाचे पत्रे एरवी जास्त टिकतात, पण ओरखडा सांभाळण्यात ते शुद्ध जस्ताइतके तत्पर नसतात.

जस्ताच्या राखणीलाही हद्द आहे. ओरखड्यापासून काही मिलिमीटरपर्यंतच ती पोचते. पातळ पत्र्याची कापलेली कड त्यात निभावते, पण पंजाएवढा लेप निघाला तर मधले लोखंड गंजणारच. वेल्डिंग केले की सांध्याभोवतीचे जस्त जळून जाते, म्हणून जीआय पाइपाचे फाटक नेहमी जोडावरच गंजू लागते. तिथे घासून जस्तयुक्त प्रायमर लावावा. वेल्डिंगचा तो पांढरा धूर मात्र श्वासात जाऊ देऊ नये, त्याने थंडी वाजून ताप येतो.

शेवटी हुकांचे. पत्रा चांगला घेऊन वर लेप नसलेले हूक ठोकले, तर प्रत्येक हुकाला वाचवण्यात भोवतालच्या पत्र्याचे जस्त खर्ची पडते आणि गळती तिथूनच सुरू होते. हूक जस्ताच्या जाड लेपाचे घ्यावेत, खाली वायसर घालावा, आणि भोके पन्हळीच्या वरच्या उंचवट्यावर पाडावीत, म्हणजे तिथे पाणी साचणार नाही.