सालाचा आकडा काय सांगतो?

समजा, सिलतऱ्यातल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात ऑटोकॅड २०१७ आहे आणि रायपूरमधल्या सल्लागाराने ऑटोकॅड २०१८ मधून ड्रॉइंग पाठवलं. फरक एका आवृत्तीचा, तरी फाइल उघडत नाही. उलट २०१८ वापरणाऱ्याकडे २०२४ मधली फाइल आली, तर ती सहसा मुकाट उघडते. कारण डीडब्ल्यूजी फाइलची रचना ऑटोकॅड २०१३ मध्ये बदलली, मग थेट ऑटोकॅड २०१८ मध्ये. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिलीच सहा अक्षरं खरं काय ते सांगतात: `AC1027` म्हणजे २०१३ ची रचना, `AC1032` म्हणजे २०१८ ची. नावातलं साल यातलं काहीच सांगत नाही. ते प्रकाशनाचंही साल नाही. ऑटोकॅड २०२४ बाजारात आलं २०२३ मध्येच.

मग सिमँटिक व्हर्जनिंग बरं का? त्यात तीन आकडे असतात. जुनं मोडणारा बदल झाला की पहिला वाढतो, नवी सोय आली की दुसरा, चूक दुरुस्त केली की तिसरा. गंमत म्हणजे ऑटोकॅडच्या पोटातही असाच एक क्रमांक दडलेला आहे. कमांड लाइनवर `ACADVER` टाइप केलं की २०२४ मध्ये २४.३ दिसतो, २०२५ मध्ये २५.०. प्लगइन लिहिणाऱ्याला ही सूचना पुरते, कारण २०२५ ला आतलं डॉटनेट बदललं आणि जुनी प्लगइन्स नव्याने बांधावी लागली. पण २०१९ ला हाच आकडा २२ वरून २३ झाला, तेव्हा फाइलची रचना मात्र जशीच्या तशी होती. म्हणजे वचन नेमकं कशाबद्दलचं, फाइलचं की प्लगइनचं, हे आधी सांगितल्याशिवाय हा क्रमांकही ड्राफ्ट्समनच्या उपयोगाचा नाही. शिवाय ते वचन देणाराच पाळणार. एखादी किरकोळ दुरुस्तीही कुणाचं तरी काम मोडू शकते.

सालाची बाजू उबुंटूत भक्कम दिसते. २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४, आणि दीर्घकालीन आवृत्तीला नेहमीचा आधार पाच वर्षांचा, म्हणून २०२९ पर्यंत चिंता नाही, हे बोटावर मोजून कळतं. २००६ ची आवृत्ती सहा आठवडे रखडली तर त्यांनी क्रमांकच ६.०४ चा ६.०६ केला. असं प्रामाणिक साल सॉफ्टवेअरचं वय सांगतं, बदलाचा आवाका नाही.

आमच्या मते, ज्याला फक्त वापरायचं आहे आणि आधार कधी संपतो एवढंच हवं आहे, त्याच्यासाठी साल चांगलं, पण आधाराची मुदत त्याला बांधलेली असेल तरच. ज्याचं काम दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, त्याला बदलाचा क्रमांक हवाच. ऑटोकॅडसारख्यांनी सालाशेजारी फाइलच्या रचनेचं नावही ठळक छापावं. तोवर रायपूरच्या कार्यालयांनी वर्क ऑर्डरमध्ये ‘ऑटोकॅड’ एवढंच न लिहिता ‘डीडब्ल्यूजी, २०१३ ची रचना’ असं लिहावं. `SAVEAS` मध्ये तो पर्याय आहे.