दाणे की धणे?

मंडळी, आज जरा दुकानदाराच्या बाजूने बोलतो. माझं मत सरळ आहे: किराणाची यादी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत पाठवू नये. त्यातही बडोद्यासारख्या गावात तर अजिबात नाही. इथे आपल्या घरात मराठी, दुकानात गुजराती आणि फोनच्या पोटात इंग्रजी असते, आणि एकच शब्द तिन्ही ठिकाणी वेगळा निघतो.

गेल्या आषाढीचं उदाहरण घ्या. एकादशीच्या आदल्या रात्री पावणेनऊला एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा मेसेज आला. आमचं दांडिया बाजारातलं शटर नऊला खाली येतं. मेसेज होता तसा देतो:

```
bhau sabu 1 vati half dane half hire 100
gul pav tell 1 top half udya lavkr
```

कामावरचा मुलगा गुजराती. त्याने पहिला शब्द वाचला आणि अंगाच्या साबणाची एक वडी काढून काउंटरवर ठेवली. त्याचं काही चुकलं नाही, गुजरातीत साबू म्हणजे साबण. आपल्या घरांत मात्र साबू म्हणजे साबुदाणा.

अशी यादी समोर आली की मी शब्दांच्या आधी आकडे बघतो. स्वल्पविराम नाही, दर जिनसाला ओळ मोडलेली नाही, मग आकडा मागच्या जिनसाचा की पुढच्या? पुढच्याचा धरला तर यादी अशी होते: खोबऱ्याची एक वाटी, अर्धा किलो दाणे, अर्धा किलो ‘hire’, शंभर ग्रॅम गूळ, पाव तेल, एक ‘top’. पहिल्यांदा ऐकताना खरं वाटेल. पण मग सुरुवातीचा साबू उघडा पडतो आणि शेवटचा ‘half’ लटकत राहतो. शिवाय तेलाची पिशवी लिटरची किंवा अर्ध्या लिटरची असते, पावाची मागणी कोणी करत नाही. आकडा मागच्या जिनसाचा धरला तर सात जिनसांना सात मापं बरोबर बसतात, उरत काही नाही. म्हणजे हेच खरं.

मग एकेक शब्द. ‘Hire’ म्हणजे जिरे. कीबोर्डवर j आणि h शेजारी आहेत, आणि बोट जरा सरकलं की फोनला ओळखीचा इंग्रजी शब्द सापडतो. ‘Tell’ म्हणजे तेल. तीळ असता तर फोनने बहुतेक ‘till’ केलं असतं, आणि संक्रांत नसताना किलोभर तीळ कोण नेतो? ‘Top’ म्हणजे तूप. ‘Gul pav’ म्हणजे पाव किलो गूळ. उपवासाच्या यादीत खायचा पाव येणार नाही. ‘Vati’ने थोडं थांबवलं, कारण खोबऱ्याची वाटी आम्ही विकतो. पण वाटी नगावर मागतात, अर्धी कोणी मागत नाही. r च्या शेजारी t आहे. म्हणजे ती वरी, ज्याला इथली मंडळी मोरैयो म्हणतात.

राहिलं ‘dane’. शेंगदाणे की धणे? इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझा मुद्दाही इथेच आहे.

साबुदाणा, वरी, दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणजे शेंगदाणे, असं कोणीही म्हणेल. पण पुढचा शब्द बघा: जिरे 100. अर्धा किलो धणे आणि शंभर ग्रॅम जिरे हे गुजरातच्या प्रत्येक स्वयंपाकघरातल्या धाणाजीरूचं प्रमाण आहे. धणे भरपूर, जिरे त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याने. इथली मराठी घरंसुद्धा ते वर्षाचं करून ठेवतात. आणि दाणे, धणे यांत इंग्रजी अक्षरांत फरक एका h चा, जो घाईत सगळ्यात आधी गळतो.

अंदाज चुकला असता तर नुसता माल परत घ्यावा लागला असता असं नाही. सकाळी मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून वरघोडा निघतो, त्या गर्दीतून पुन्हा माणूस पाठवणं कठीण. आणि सत्तरीच्या बाईंची साबुदाण्याची खिचडी दाण्यांच्या कुटाशिवाय झाली असती.

फोन लावला, उचलला नाही. मग उधारीची वही काढली. त्यांचा हिशेब महिन्याचा असतो. एप्रिलच्या पानावर सापडलं: धणे दीड किलो, जिरे 300 ग्रॅम, लाल मिरच्या. म्हणजे वर्षाचा मसाला झालेला होता. आषाढात पुन्हा धणे लागायचं कारण नाही. शेंगदाणे कच्चे अर्धा किलो भरले, पण ती पिशवी चिकटवली नाही, सगळ्यांत वर ठेवली. मुलाला सांगितलं, दारात एकेक नाव मोठ्याने वाच आणि ‘सिंगदाणा’ म्हण, दाणे म्हणू नकोस. घरी काका होते. काकू भजनाला गेल्या होत्या, म्हणून फोन बंद. काका म्हणाले, “दाणेच रे, धणे कशाला उपवासाला?” सव्वानऊला शटर खाली आलं.

आता कोणी म्हणेल, जमलं ना सगळं, मग तक्रार कसली? जमलं, कारण पंचांग मला पाठ होतं, वही हाताशी होती आणि घर तीस वर्षांच्या ओळखीचं होतं. हेच नवीन गिऱ्हाईक असतं, किंवा गल्ल्यावर तो मुलगा एकटा असता, तर पिशवीत साबणाची वडी, खोबरं आणि धणे गेले असते. यादी वाचायला दुकानदाराला घरचा इतिहास लागत असेल तर ती यादी नव्हे, ते कोडं.

आमच्या इथे याला आणखी एक कारण आहे. यादी सांगते आजी, टाइप करतो नातू, आणि नातवाची शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी. आजीच्या तोंडचा धणेतला ध आणि डाळीतला ळ त्याच्या बोटापर्यंत पोचत नाही. इंग्रजी अक्षरांत ळ ला जागाच नाही, ट आणि त एकच, ड आणि द एकच.

उपाय सोपे आहेत. आजीला लिहिता येत असेल तर तिने कागदावर लिहावं आणि नातवाने त्याचा फोटो पाठवावा. मला विचाराल तर याहून चांगलं काही नाही. बोलून पाठवलेला निरोप त्या मानाने अडचणीचा, कारण तोलताना तो पुन्हा पुन्हा मागे न्यावा लागतो आणि दिलेल्या जिनसेपुढे खूण करता येत नाही. टाइपच करायचं असेल तर फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी जोडून घ्या. इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी उमटवणारा प्रकारही त्यात मिळतो. त्याचा फायदा हा की h राहिला तर समोर ‘दाणे’ दिसतं आणि पाठवायच्या आधीच कळतं. एका ओळीत एकच जिन्नस, आणि त्यापुढे माप, किलो की ग्रॅम ते लिहून.

आणि माझ्या धंद्यातल्या भावांनाही सांगणं आहे. सगळी यादी परत विचारून गिऱ्हाईकाला वैताग आणू नका. ज्या शब्दाचे दोन अर्थ त्याच दुकानात विकायला आहेत तेवढाच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या पिशवीचं तोंड उघडं ठेवा.

तुमच्या घरची यादी कोण लिहितं, आणि कुठल्या लिपीत? खाली जरूर सांगा.